पैंजण, चेन घेताय? आधी चांदीवरचा शिक्का तपासा

निकाहाची खरेदी म्हटली की बुलढाणा जिल्ह्यातली बरीच कुटुंबं खामगावची वाट धरतात. चांदीसाठी खामगावचं नाव राज्यभर आहे, लोक त्याला ‘रजतनगरी’ म्हणतात. पण गावाचं नाव म्हणजे दागिन्याची हमी नव्हे. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला मात्र तो अजून ऐच्छिक आहे. त्यामुळे विनाशिक्क्याची पैंजणं सर्रास विकली जातात.

नुकसान कुठे होतं ते बघा. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. समजा, १०० ग्रॅमची जोडी ‘९२५ची आहे’ म्हणून घेतली, तर तिच्यात साडेब्याण्णव ग्रॅम चांदी हवी. ती निघाली ६० टंचाची, तर चांदी फक्त ६० ग्रॅम. म्हणजे साडेबत्तीस ग्रॅमचे पैसे तांब्यावर गेले. हे कळतं ते मोडायला गेल्यावर.

नुसता ‘९२५’ आकडा कोणीही ठोकू शकतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या नव्या हॉलमार्कमध्ये बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, ‘सिल्व्हर’ हा इंग्रजी शब्द व शुद्धतेचा आकडा, आणि अक्षर-अंकांचा सहा खुणांचा एचयूआयडी असतो. दुकानातच मोबाइलवर BIS Care अ‍ॅप उघडा, Verify HUID मध्ये तो क्रमांक टाका. समोर आलेला दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता हातातल्या वस्तूशी जुळते का ते पाहा. पैंजणाचा क्रमांक टाकला आणि अंगठी दिसली, तर घेऊ नका.

शिक्का नसेल तर मुलामा ओळखायचा कसा? फासा, कड्यांची टोकं आणि घुंगरांचे जोड नीट बघा. घासल्या जाणाऱ्या या जागी पिवळी किंवा लालसर झाक दिसली, तर आत पितळ किंवा तांबं आहे. चुंबकावर विसंबू नका, कारण पितळ, तांबंही चुंबकाला चिकटत नाही. काळं पडणं हीसुद्धा खोटेपणाची खूण नाही, खरी चांदीही काळी पडते. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तर चांदी नसतेच, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. दुकानातलं टंच मशीन वरचा थरच वाचतं, म्हणून जाड मुलाम्याला ते फसू शकतं. शंका असेल तर एखादी कडी कानशीने घासून त्या जागी तपासायला सांगा.

जकातीचाही प्रश्न आहे. साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीचा निसाब धरताना मुलाम्याचं पितळ चांदीत मोजलं, तर हिशेबच चुकतो.

पक्कं बिल घ्या. त्यावर वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. हॉलमार्कचा दागिना तपासणीत कमी शुद्ध निघाला, तर नियमाप्रमाणे फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. बिल नसेल तर हे सिद्ध करणं अवघड जातं.