सर्दी गेली, रात्रीची ढास राहिली

ताप उतरलेला असतो, नाकही मोकळं झालेलं असतं. पण रात्री पाठ टेकली की घशात खवखवतं आणि कोरड्या खोकल्याची उबळ येते. हा खोकला बहुधा उरलेल्या जंतूंचा नसतो. विषाणूंनी श्वासनलिकेचं अस्तर दुखावून ठेवलेलं असतं आणि ते भरून येईपर्यंत तिथले मज्जातंतू फार हळवे राहतात. थंड वारा, फोडणीचा ठसका, एवढंही त्यांना पुरतं. त्यात प्रत्येक उबळीनं तोच भाग पुन्हा दुखावतो. असं तीन ते आठ आठवडे चालू शकतं. अशा खोकल्यावर अँटिबायोटिक घेऊन काही हाती लागत नाही.

समजा, सर्दी होऊन दहा दिवस झालेली एक शिक्षिका आहे. दिवसभर वर्गात मोठ्यानं बोलणं, रात्री दहाला जेवण, साडेदहाला अंथरूण, डोक्यावर भरधाव पंखा. आडवं झाल्यावर नाकातला स्राव मागच्या बाजूनं घशात उतरतो, भरल्या पोटातलं आम्ल वर येतं आणि पंख्यानं घसा सुकतो. तिनं आधी जेवण साडेसातवर आणावं. झोपेपर्यंत तीन तास मिळाले पाहिजेत. नाक चोंदत असेल तर केमिस्टकडचं सलाइनचं पाणी नाकात सोडावं. उशीवर उशी रचली तर मान तेवढी मुडपते. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू चार-सहा इंच उचलावी. झोपताना चमचाभर मध चाटावा. मधुमेह असेल तर ती साखर हिशेबात धरावी.

उबळ येतेयसं वाटलं की तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा आणि कोमट पाण्याचा घोट घ्यायचा. पहिल्या दोन रात्री हे जमत नाही. पण अडवलेली प्रत्येक उबळ त्या अस्तराला विश्रांती देते, म्हणून मला हा उपाय सिरपपेक्षा मोलाचा वाटतो. सिरप घ्यायचंच तर बाटलीवरची नावं वाचा: खोकला दाबणारं आणि कफ सुटायला मदत करणारं औषध एकाच बाटलीत असेल, तर कोरड्या खोकल्याला त्यातल्या दुसऱ्याचा काय उपयोग?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर आपल्या देशात क्षयाची तपासणी करून घ्यावीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. थुंकीतून रक्त, पुन्हा चढलेला ताप, घटणारं वजन किंवा धाप असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दम्याची शंका घ्यावी लागते. आणि रक्तदाबाची एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा. तिच्यानंही असाच कोरडा खोकला येतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. तिच्याऐवजी दुसऱ्या गटातलं औषध डॉक्टर देऊ शकतात.