खोलीचं भाडं आणि ऑपरेशनच्या बिलावरची कात्री

साठीतल्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोळाबेरीज करून घेतले आहेत, पण प्रकार रोज घडणारा आहे. पुण्यात राहणाऱ्या या गृहस्थांकडे 3 लाखांची आरोग्य विमा पॉलिसी आहे. तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा आहे विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. बाथरूममध्ये घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. ॲडमिट करताना मुलांनी 5,000 रुपये रोजाची एकट्याची खोली घेतली. दिवसाला 2,000 रुपये जास्तीचे, पाच दिवसांचे 10,000. तेवढे आपण भरू, असा त्यांचा हिशेब होता.

बिल झालं 2 लाख 30 हजार. विमा कंपनीने दिले 1 लाख 72 हजार. मुलांना 10 हजारांऐवजी 58 हजार रुपये खिशातून भरावे लागले. विमा रक्कम 3 लाखांची असताना आणि बिल तिच्या आत असताना हे कसं झालं?

याचं उत्तर रुग्णालयाच्या दरपत्रकात आहे. बहुतेक मोठ्या खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग ठरला की बाकीचे दरही ठरतात. जनरल वॉर्ड, दोन खाटांची खोली, एकट्याची खोली, डीलक्स अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार, डॉक्टरांच्या रोजच्या भेटीची फी वेगळी असते. भूलतज्ज्ञाची फी अनेक ठिकाणी सर्जनच्या फीच्या ठरावीक टक्क्यांनी लावतात, त्यामुळे एक आकडा वाढला की दुसरा आपोआप वाढतो. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, टेबलही तेच. पण वर रुग्ण कोणत्या खोलीत झोपला आहे त्यावर खालच्या थिएटरचं बिल बदलतं.

विमा कंपनीचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. रुग्ण 3,000 रुपयांच्या खोलीत राहिला असता तर सर्जनची फीही त्या खोलीच्या दराने लागली असती. मग महाग खोलीमुळे वाढलेली फी कंपनीने का भरावी? हा मुद्दा चुकीचा नाही. पण तो फरक नेमका किती, हे प्रत्येक रुग्णालयाचं दरपत्रक काढून पाहण्याऐवजी पॉलिसीत एक सरळ गुणोत्तर लिहिलेलं असतं : मंजूर भाडं भागिले प्रत्यक्ष भाडं. आपल्या उदाहरणात 3,000 भागिले 5,000, म्हणजे 60 टक्के. खोलीशी बांधलेल्या प्रत्येक खर्चाचे 60 टक्के कंपनी देते, 40 टक्के रुग्णाच्या माथी. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात.

आता बिल उलगडून पाहू. पाच दिवसांचं भाडं 25,000. त्यातले 15,000 मंजूर. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून 1 लाख 20 हजार. त्याचे 60 टक्के, म्हणजे 72,000 मंजूर. हाडात बसवलेलं इम्प्लांट आणि औषधं 70,000, तपासण्या 15,000; हे 85,000 पूर्ण मंजूर. भाड्यातून कापले गेले 10,000, तर ऑपरेशनच्या खर्चातून 48,000. खोलीच्या पाचपट मार ऑपरेशनच्या ओळीत बसला.

औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून सुटल्या त्या विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमामुळे. जून 2020मध्ये आयआरडीएआयने प्रमाणशीर कपातीला कुंपण घातलं. औषधं व वापरून टाकायचं साहित्य, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं आणि निदानाच्या तपासण्या यांवर हे गुणोत्तर लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही लावता येत नाही. आयसीयूला मर्यादा असलीच तर ती वेगळी असते. कारण साधं आहे : हाडात बसवलेल्या रॉडची किंमत रुग्ण कोणत्या खोलीत आहे यावर ठरत नाही.

त्याच नियमात आणखी एक कलम आहे आणि ते फार थोड्या रुग्णांना ठाऊक असतं. जे रुग्णालय खोलीनुसार वेगळे दर लावतच नाही, तिथे ही कपात करता येत नाही. तालुक्याच्या गावातली कितीतरी नर्सिंग होम सगळ्या रुग्णांना ऑपरेशनचा एकच दर लावतात. अशा ठिकाणी खोलीभाड्यातला फरक तेवढा रुग्णाने भरायचा, सर्जनच्या फीला हात लावायचा नाही. मात्र विमा कंपनीला हे आपोआप कळत नाही. ‘आमच्याकडे खोलीच्या वर्गानुसार शस्त्रक्रियेचे दर बदलत नाहीत,’ असं पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर घेऊन दाव्याच्या कागदांसोबत जोडलं, तर कपातीचा आधारच निघून जातो.

गुणोत्तराची खरी अडचण वेगळीच आहे. खोलीचं भाडं ज्या वेगाने चढतं, त्याच वेगाने ऑपरेशनचा खर्चही चढतो, असं ते गृहीत धरतं. पण 3,000च्या खोलीतून 5,000च्या खोलीत गेल्यावर भाडं दोन तृतीयांशाने वाढलं, म्हणून सर्जनची फीही तेवढीच वाढेल असं नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत अनेक वर्षं सेमी-प्रायव्हेट वॉर्डचा दर पाया धरून जनरल वॉर्डला 10 टक्के कमी आणि प्रायव्हेट वॉर्डला 15 टक्के जास्त दर दिला जाई. म्हणजे सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पायरीत जेमतेम 28 टक्क्यांचं अंतर. आपल्या उदाहरणात स्वस्त खोलीत राहून ऑपरेशनचा खर्च 1 लाख आला असता, तरी पॉलिसीचं गुणोत्तर 72,000च मंजूर करतं. महाग खोलीमुळे वाढले 20,000 आणि कापले गेले 48,000.

म्हणून खोली निवडण्याआधी मर्यादा नीट वाचावी लागते. काही पॉलिसींत ती टक्क्यांत असते, काहींत रुपयांत, काहींत ‘एकट्याची एसी खोली’ अशी वर्गात. त्या मर्यादेत काय काय धरलं आहे तेही पाहावं. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत मर्यादा विमा रकमेच्या 2 टक्के आणि जास्तीत जास्त 5,000 रुपये रोज अशी आहे, पण तिच्यात नर्सिंगचा आकारही धरलेला आहे. खोली 4,500ची आणि नर्सिंग 800 रुपये असेल, तर मर्यादा ओलांडली गेली. ॲडमिशनच्या वेळी विमा डेस्कवर ‘खोली पॉलिसीत बसते का?’ एवढंच न विचारता ‘नर्सिंग धरून रोजचा आकडा किती, आणि याच ऑपरेशनचा दर खालच्या वर्गात किती?’ असं विचारून तो अंदाज लेखी घ्यावा.

कपात झाल्यावर सेटलमेंट लेटर ओळीओळीने तपासता येतं. औषधं, इम्प्लांट किंवा तपासण्यांसमोर बिलापेक्षा कमी रक्कम दिसली आणि ती नेमक्या त्याच टक्क्याने कमी असली, तर गुणोत्तर सरसकट लावलं गेलं आहे. आपल्या उदाहरणात तसं झालं असतं, तर कपात 58 हजारांवरून 92 हजारांवर गेली असती. अशा वेळी आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करायचा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जासोबत तपशीलवार बिल, सेटलमेंट लेटर आणि रुग्णालयाचं दरपत्रक मात्र जोडावं.