सांधा उकरायचा, टाइल राखायची

बाथरूमच्या टाइलांमधले सांधे काळे पडले, कुठेकुठे भुसभुशीत होऊन निघू लागले, की बऱ्याच घरांत एकच उपाय होतो. पांढरं सिमेंट आणायचं, पाण्यात कालवायचं आणि बोटानं जुन्या सांध्यावरून फिरवायचं. भिंत काही दिवस नवी दिसते. मग साबणाचं पाणी आणि रोजची ओल त्या पातळ थराखाली शिरते आणि जुन्या भिंतीवरच्या रंगासारखे त्याचे पोपडे निघतात. जुनं सिमेंट साबणानं, तेलानं, बुरशीनं माखलेलं असतं, त्यावर नवं धरत नाही. शिवाय मिलिमीटरभर जाडीच्या थराला स्वतःची ताकद नसते. नवं ग्राउट टिकायचं असेल तर त्याला खोली हवी. टाइलच्या जाडीच्या साधारण दोन तृतीयांश खोलीपर्यंत सांधा रिकामा करावा, हा नेहमीचा नियम. भिंतीची टाइल सहा-सात मिलिमीटर जाड असते, म्हणजे चार ते साडेचार मिलिमीटर उकरायला हवं.

इथेच लोक कचरतात, आणि ते बरोबरही आहे. टाइलची कड एकदा उडाली की ती परत येत नाही. सांधा काळा होता तेव्हा तो निदान सरळ तरी होता. कड दातेरी झाली तर नव्या पांढऱ्या ग्राउटमध्ये ती जास्तच उठून दिसते.

कड का उडते हे कळलं की हत्यार कसं धरायचं तेही कळतं. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल म्हणजे भाजलेल्या मातीची सच्छिद्र पाटी आणि तिच्यावर काचेचा पातळ थर. हा चकाकीचा थर मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा असतो. टाइलच्या मधोमध त्याला खालून सगळीकडून आधार असतो, कडेला मात्र एका बाजूचा आधार संपतो. तिथे पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घुसवून तरफेसारखा उचकटला, की सगळा जोर आतून बाहेर, म्हणजे नेमका त्या काचेच्या कडेवर येतो. ग्राउट तिला चिकटलेलं असतंच. ते सुटताना काचेचा टवका सोबत घेऊन सुटतं आणि खालची लाल किंवा मातकट पाटी उघडी पडते. म्हणून जोर नेहमी सांध्याच्या लांबीच्या दिशेनं लावायचा. सांध्यातून बाहेरच्या दिशेनं, टाइलवर टेकवून, कधीच नाही. हातोडी आणि पटाशी या कामातून बादच समजावी.

हत्यार कोणतं घ्यायचं हे सांध्याची रुंदी ठरवते, आणि आपल्याकडची खरी अडचण तीच आहे. जुन्या इमारतींमध्ये अनेक ठिकाणी टाइलांमध्ये स्पेसर न ठेवता त्या एकमेकींना भिडवून लावलेल्या असतात. सांधा कसाबसा एक मिलिमीटर असतो. दुकानात ग्राउट काढायची जी हातकरवत मिळते, तिच्या पात्यावर टंगस्टन कार्बाइडचे दाणे असतात आणि ते पातं बहुधा दीड-दोन मिलिमीटर जाड असतं. टंगस्टन कार्बाइड टाइलच्या चकाकीपेक्षा कितीतरी कठीण. अरुंद सांध्यात ते पातं घातलं तर ते सिमेंटबरोबर दोन्ही कडाही घासत जातं. मापासाठी घरात एक सोय आहे. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. जिथे ग्राउट आधीच पडून गेलंय तिथे एक जुनं कार्ड घालून बघा. एकच जेमतेम जात असेल तर कार्बाइडची करवत विसरा. दोन कार्डं एकत्र सहज जात असतील तर पातळ पात्याची करवत चालेल.

एक मिलिमीटरच्या सांध्याला हॅक्सॉ ब्लेड बरं. त्याचा एक वीतभर तुकडा घेऊन अर्ध्या भागाला कापड आणि चिकटपट्टी गुंडाळली की मूठ तयार होते. मात्र हॅक्सॉचे दाते दोन्ही बाजूंना किंचित वळवलेले असतात, त्यामुळे पात्यापेक्षा दात्यांची रुंदी जास्त असते आणि तेच दाते कडांना ओरखडतात. ब्लेडच्या दोन्ही बाजू धारेच्या दगडावर सपाट ठेवून काही वेळ घासल्या की दात्यांचा बाहेर आलेला भाग जातो. या पाच मिनिटांच्या तयारीनं जेवढ्या कडा वाचतात तेवढ्या दुसऱ्या कशानंही वाचत नाहीत, असं मला वाटतं.

आता एक भिंत धरून चालू. शॉवरखालची भिंत, 8 बाय 12 इंचांच्या टाइला उभ्या लावलेल्या, सांधे दोन मिलिमीटरचे. रुंदीत सहा टाइला, उंचीत सात. म्हणजे सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंदी आणि दोन मीटरच्या वर उंची. आतले उभे सांधे पाच, आडवे सहा. सगळे जोडले तर लांबी भरते अठरा मीटरच्या आसपास, आणि चौक, म्हणजे चार टाइलांचे कोपरे जिथे भेटतात त्या जागा, तीस. चार मिलिमीटर खोल उकरलं तर निघणारा सगळा भुगा एका वाटीत मावेल. काम अवाढव्य नाही. हातानं एका मीटरला आठ-दहा मिनिटं धरली तर अडीच-तीन तासांचं आहे. उरकून टाकायच्या घाईत शेवटच्या तासाला टवके उडतात, म्हणून ते दोन दिवसांत वाटून घ्यावं.

सुरुवात करण्याआधी प्रत्येक टाइल लाकडी मुठीनं हलकेच वाजवून पाहायची. पोकळ वाजणारी टाइल मागून सुटलेली असते. तिच्याभोवतीचा सांधा पुन्हापुन्हा फुटण्याचं कारणही तेच. अशी टाइल उकरताना थरथरते आणि तडकते. तिचं दुखणं सांधा भरून बरं होत नाही, आधी ती नीट बसवावी लागते. मग सांधा कोरडा होऊ द्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या टाइलांवर, कडेला लागून, मास्किंग टेप लावायची. करवत घसरली तर टेप पहिला ओरखडा झेलते. त्यापेक्षा जास्त भरवसा तिच्यावर ठेवू नये.

पहिला हात फक्त मधोमध. सांध्याच्या मध्यावर हलक्या हातानं, स्वतःकडे ओढत, मिलिमीटरभर खोल खाच पाडायची. करवत टोकावर उभी धरली तर ती भरकटते. जरा आडवी धरून पात्याची दोन-तीन बोटं लांबी खाचेत ठेवली, की खाचच तिला सरळ चालवते. एकदा ही वाट पडली की त्याच वाटेनं खोल जायचं. दोन्ही कडांना चिकटलेला सिमेंटचा पातळ थर तसाच राहू द्यायचा. त्याला लगेच हात लावायची घाई सगळ्यांनाच होते, आणि तीच घाई कड उडवते.

मधली खाच हव्या तेवढी खोल झाली की त्या दोन पातळ थरांचा मधला आधार गेलेला असतो. आता हॅक्सॉचा घासलेला तुकडा किंवा पेपर कटरचं ताठ पातं टाइलच्या कडेला समांतर धरून वरून खाली ओढायचं, जोर कडेकडून खाचेकडे. थर खाचेत, म्हणजे रिकाम्या जागेत, मोडून पडतो. काचेच्या कडेवर ताण येतच नाही. सिमेंट आतल्या बाजूला मोडलं पाहिजे, हे या कामाचं सगळ्यात मोठं सूत्र. कडेला केसाएवढं सिमेंट राहिलं तरी चालतं. ते घट्ट असेल आणि त्यावर बुरशी नसेल, तर त्याच्यासाठी कड धोक्यात घालू नये.

चौकाला वेगळा नियम. सांध्यातून धावत आलेली करवत चौक ओलांडताना समोरच्या टाइलच्या कोपऱ्यावर आदळते, आणि कोपऱ्याला दोन बाजूंनी आधार नसतो. म्हणून चौकातून सुरुवात करून बाहेर ओढायचं, पुढच्या चौकाच्या अलीकडे थांबायचं आणि उरलेला तुकडा त्या चौकातून उलट ओढून काढायचा.

कुठे बिघडतंय हे आधी कानाला कळतं. सिमेंटवर खरखर असा जाडसर आवाज येतो, काचेला पातं लागलं की तो एकदम बारीक आणि किरकिरा होतो. भुग्याचा रंगही बोलतो. पांढऱ्या-राखाडी भुग्यात तांबूस किंवा पिवळट छटा दिसली तर आपण टाइलची माती कापतोय. टाइलवर काळपट रेघ उमटली तर नख फिरवून बघा. नख अडलं तर ओरखडा. नाही अडलं तर ती नुसती पात्याच्या धातूची खूण, बाथरूम क्लीनरनं जाते. खोली बघायला टाचणीवर चार मिलिमीटरला पेनानं खूण करून ती सांध्यात उभी धरली की पुरे.

सिमेंटऐवजी इपॉक्सी भरलेलं असेल तर हे सगळं बदलतं. ओळखायला सोपं आहे. सिमेंट खरवडलं की भुकटी होते, इपॉक्सीचा प्लास्टिकसारखा वळसा निघतो. त्यावर करवत कितीही चालवली तरी ती बोथट होते. हीट गननं थोडा थोडा भाग गरम करून नरम झाल्यावर पात्यानं काढावा लागतो. एकाच जागी उष्णता धरली तर टाइल तडकते.

यंत्राचा मोह होतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो, आणि हात एका क्षणासाठी जरी हलला तरी दोन टाइला जातात. दोन मिलिमीटरच्या सांध्याला मी त्याला हात लावू देणार नाही. तीन मिलिमीटर किंवा जास्त रुंद सांध्यात ऑसिलेटिंग मल्टिटूल चालतं. त्याचं अर्धगोल पातं फिरत नाही, थोड्याशा कोनात मागेपुढे हलतं, त्यामुळे ते उसळून बाहेर येत नाही. तरी तेही मधल्या खाचेपुरतं. कडा हातानंच.

आम्ल टाकून सिमेंट मऊ करायचा सल्लाही मिळतो. ते वरवरचं सिमेंट खातं, पण चार मिलिमीटर आत पोचत नाही. तोवर नळाचं क्रोम काळवंडतं आणि उंबऱ्याला कडाप्पा किंवा संगमरवर असेल तर त्याची चकाकी जाते, कारण दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत.

भुग्यात सिलिकाची बारीक धूळ असू शकते, आणि ती फुप्फुसात साठते. छोट्या बाथरूममध्ये दार बंद करून काम करू नये. एन-95 मास्क लावावा, डोळ्यांवर चष्मा असावा. कोरड्या झाडूनं झाडण्यापेक्षा व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं बरं. यंत्र वापरणार असाल तर बाथरूम पूर्ण कोरडं असावं.

एखादा टवका उडालाच तर तो लगेच शोधून कागदात गुंडाळून ठेवावा. पारदर्शक इपॉक्सी गोंदानं तो परत बसवला तर सांधा भरल्यावर सहसा दिसत नाही. हे काम ग्राउट भरण्याआधी करायचं.

सगळं उकरून झालं की ब्रशनं सांधे झाडायचे, ओल्या स्पंजनं पुसायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. भिंत आणि जमीन किंवा दोन भिंती जिथे भेटतात ते आतले कोपरे उकरा, पण त्यांत सिमेंटचं ग्राउट भरू नका. तिथे इमारत किंचित हलते आणि ताठ सिमेंट पुन्हा फुटतं. त्या कोपऱ्यांत बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट भरायचं, इतर सांधे भरून वाळल्यानंतर.