वाटीची जोडी पाटी

‘वाटीसारखा वाजणारा शब्द सांग बरं,’ असं बाईंनी म्हणताच बालवाडीतली साडेचार वर्षांची मुलगी उत्तरली, ‘चमचा!’ ताटात वाटीशेजारी चमचा असतो, म्हणून तिचं मन शब्द ऐकताच वस्तूकडे धावलं. शब्दाला स्वतःचा आवाज असतो आणि तो वस्तूपासून वेगळा ऐकता येतो, हे तिला अजून उमगलं नव्हतं. यमकाचे खेळ नेमकं हेच शिकवतात.

बाईंनी ‘चूक’ म्हटलं नाही. त्यांनी शब्द ताणून म्हटले, ‘वाऽटी, पाऽटी. शेवट सारखा वाजला का गं?’ मग ‘वाटी, चमचा’. काही दिवस उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. त्यानंतर तीन शब्दांतला वेगळा ओळखायचा: कान, दूध, पान. हे जमलं की अवघड त्रिकूट: कान, काल, पान. इथे ‘कान’ आणि ‘काल’ची सुरुवात जुळते, म्हणून मूल फसतं. वेगळ्या शब्दाची जागा रोज बदलावी, नाहीतर मूल नेहमी शेवटचाच शब्द सांगतं आणि अंदाजानेही बरोबर ठरतं. चार शब्द लक्षात राहत नसतील तर समोर चित्रं ठेवावीत. तिथे अडचण कानाची नसते, स्मरणाची असते.

शेवटी मुलाने स्वतः जोडी सांगायची. ‘गाडी’ला ‘साडी’ आली तर छानच, पण ‘बाडी’ असा अर्थहीन शब्द आला तरी तो पूर्ण बरोबर मानावा. मूल आता अर्थाचा आधार सोडून आवाज ऐकतंय, याचा तो पुरावा आहे. मराठीत एक सावधगिरी हवी. ‘खातो, बसतो, पळतो’ यांत फक्त प्रत्यय जुळतो, म्हणून खेळासाठी छोटी नामंच घ्यावीत. ‘वाटी’ आणि ‘काठी’ यांतला ट-ठचा फरक नंतरसाठी ठेवावा.

लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांना अशीच वेगळा शब्द ओळखण्याची कोडी घातली. 1983 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: ज्यांचे कान यमकाला तयार होते, ती मुलं पुढे वाचनातही सरस ठरली. कान कच्चे असलेल्या 65 मुलांपैकी काहींना त्यांनी दोन वर्षांत 40 वेळा आवाजाचे खेळ शिकवले. त्यांतही आवाजाला प्लास्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेली मुलं सर्वांत पुढे गेली. म्हणजे नुसत्या यमकाने वाचन येत नाही. कान आधी तयार होतो, मग अक्षराला त्याच्याशी जोडावं लागतं.

महिनाभर खेळूनही ‘वाटी-पाटी’ जुळत नसेल, मूल सतत ‘काय?’ विचारत असेल, तर आधी त्याचे कान डॉक्टरांना दाखवा. पाटी-पेन्सिल तोवर थांबेल.