घोडबंदर रोडवरचे चार वारे

मंडळी, आपण शाळेत चार स्थानिक वारे शिकलो: खारे, मतलई, दरीय आणि पर्वतीय. घोडबंदर रोडवर हे चारही एकाच दिवसात भेटतात, कारण पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, त्यापलीकडे समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उल्हासची खाडी.

हिवाळ्यातला एक निरभ्र दिवस घेऊ. आपल्या बाजूचा डोंगरउतार पूर्वेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळचं ऊन आधी त्याच्यावर पडतं. उतारालगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढू लागते. हा दरीय वारा.

तिकडे जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. पाणी तापायला मातीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड, दमट हवा आत येते. हा खारा वारा. पण तो सगळीकडे एकदम पोचत नाही. समजा, त्याची कड ताशी दहा किलोमीटरने सरकते आहे. मग पंधरा किलोमीटर आत यायला तिला दीड तास लागेल. शिवाय मध्ये डोंगर. काही हवा त्यावरून येते, काही वसई खाडीच्या मोकळ्या वाटेने. तो आला हे कसं ओळखायचं? पारा चढायचा थांबतो, दमटपणा वाढतो आणि वारा पश्चिमेकडचा होतो. कधी पूर्वेचे कोरडे वारे जोरात असतात. तेव्हा खारा वारा उशिरा येतो आणि त्या दिवशी मुंबई-ठाण्याचं कमाल तापमान चढतं.

संध्याकाळी सूर्य डोंगराआड लवकर जातो, म्हणून हा उतार लवकर निवतो. थंड हवा जड. ती पाण्यासारखी ओघळत खाली येते आणि सखल जागी साठते. हा पर्वतीय वारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड झाली की मतलई वारा समुद्राकडे वाहतो. पूर्वी शिडाच्या होड्या पहाटे त्याच्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत. रात्री जमीन आणि समुद्राच्या तापमानातला फरक कमी असतो, म्हणून मतलई वारा खाऱ्यापेक्षा मंद.

आता मुद्द्याचं. पहाटे खाली थंड हवा आणि वर तुलनेने उबदार हवा, असं झाकण बसतं. रस्त्यावरचा धूर आणि धूळ त्याखालीच अडकते. वरच्या मजल्यावरून पाहिलं तर खाली राखाडी थर दिसतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी अशा दिवशी पहाटेऐवजी ऊन चढल्यावर फिरायला जावं. थर फाटताना दिसतो, तीच खूण.

पावसाळ्यात मात्र हा खेळ शोधू नका. ढगांमुळे जमीन फारशी तापत नाही आणि मोसमी वारा या चौघांनाही दडपून टाकतो.