पंचेचाळीस टक्के कशाचे?

गाडीच्या विम्याची मुदत संपायला महिना उरला की फोन सुरू होतात. तीन कंपन्यांची तीन कोटेशन्स व्हॉट्सॲपवर येऊन पडतात आणि घरातला कर्ता माणूस सरळ शेवटचा आकडा बघतो. सर्वात कमी आकडा तो चांगला, असा साधा हिशेब. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण ही तिन्ही कागदपत्रं बहुतेक वेळा एकाच गोष्टीची किंमत सांगत नसतात.

उदाहरणादाखल नाशिकमधल्या एका कुटुंबाची बाराशे सीसीची पेट्रोल गाडी घेऊ. गाडीला चार वर्षं झाली, एकही क्लेम नाही, म्हणजे नो क्लेम बोनस ४५ टक्के. ‘म्हणजे प्रीमियम जवळपास निम्म्यावर येणार,’ असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

तसं होत नाही. प्रीमियमचे मुख्य भाग दोन. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठी असतो तो थर्ड पार्टी विमा. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, मग कंपनी कोणतीही असो. दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. २००७ पासून याचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, म्हणून कोटेशन्समधला सगळा फरक याच भागात असतो. नो क्लेम बोनसही फक्त याच भागावर मिळतो. आपल्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम ९,००० रुपये धरला, तर ४५ टक्के वजा जाऊन ४,९५० उरतात. त्यात थर्ड पार्टी मिळवून १८ टक्के जीएसटी लावला की ९,८७२ रुपये होतात, हेच पहिलं कोटेशन. बोनस नसता तर १४,६५१ भरावे लागले असते. म्हणजे ४५ टक्क्यांचा बोनस प्रत्यक्षात एक तृतीयांशाच्या आसपास येतो. हेही थोडं नाही, पण निम्मं नक्कीच नाही.

आता दुसरं कोटेशन. ते ८,७०४ रुपयांचं आहे, पहिल्यापेक्षा ११६८ रुपयांनी स्वस्त. कंपनी उदार झाली असं वाटतं. कागद नीट वाचला तर पहिल्या कंपनीने गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, चार लाख धरलेली असते आणि दुसरीने तीन लाख वीस हजार. गाडी चोरीला गेली किंवा पार चक्काचूर झाली, तर हाच आकडा हाती पडतो. अकराशे रुपये वाचवण्यासाठी ऐंशी हजारांवर पाणी सोडलेलं असतं.

‘आयडीव्ही काय, गाडी चोरीला गेली तरच लागते,’ हे एजंटांचं आवडतं वाक्य. ते अर्धंच खरं आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. मोठ्या अपघातानंतर गॅरेजने दोन लाख साठ हजारांचा अंदाज दिला, तर चार लाखांच्या पॉलिसीत गाडी दुरुस्त होऊन परत येईल. तीन लाख वीस हजारांच्या पॉलिसीत मात्र मर्यादा दोन लाख चाळीस हजार, म्हणजे चांगली चालणारी गाडी कायमची जाईल. म्हणून कोटेशन्सची तुलना करण्याआधी सगळ्यांना एकच आयडीव्ही टाकून पुन्हा आकडा मागावा. निम्मी स्वस्ताई तिथेच विरघळते.

तिसऱ्या कोटेशनमध्ये आयडीव्ही चार लाखच आहे, तरी आकडा पहिल्यापेक्षा हजारभर रुपयांनी कमी. खाली बारीक अक्षरात ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल ५,०००’ असं लिहिलेलं असतं. डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण स्वतः भरायचा हिस्सा. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजाराचा हिस्सा सक्तीचाच आहे. चूक समोरच्याची असली तरी आपल्या विम्यातून पैसे घेताना तो कापला जातो. ‘झिरो डेप’ घेतलंय म्हणजे खिशातून काहीच जाणार नाही, हा समजही चुकीचा. झिरो डेपमुळे सुट्या भागांची घसारा-कपात टळते, हा हजार टळत नाही.

आपणहून घेतलेले पाच हजार या हजाराच्या वर असतात, आणि तेही वर्षाला एकदा नव्हे, दर क्लेमला. बदल्यात काय मिळतं? जुन्या टॅरिफच्या तक्त्यात पाच हजारांसाठी ओन डॅमेजवर २५ टक्के सवलत आहे, पण कमाल १,५०० रुपये. कंपन्यांचे तक्ते आता वेगवेगळे असले तरी हिशेबाची रीत हीच. ही सवलत आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर बोनस लागतो. त्यामुळे १,५०० पैकी खरी बचत ८२५ रुपये, जीएसटी धरून ९७४. म्हणजे पाच वर्षांत एकापेक्षा जास्त क्लेम करणाऱ्याला हा सौदा तोट्याचा. जो किरकोळ नुकसानीचा क्लेम करतच नाही, त्याला मात्र फायद्याचा असू शकतो. तक्रार सौद्याबद्दल नाही, तो न सांगता गळ्यात मारण्याबद्दल आहे.

किरकोळ नुकसानीचा क्लेम का टाळायचा? ‘वर्षानुवर्षं हप्ते भरतोय, मग बंपरचे पैसे का सोडायचे?’ हा प्रश्न रास्त वाटतो. समजा बंपरचं बिल ६,५०० झालं: बंपर ३,०००, रंग २,५००, मजुरी १,०००. प्लास्टिकच्या भागाला ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे १,५०० मिळणार. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा साहित्याचा धरून त्याचा निम्मा कापला जातो, म्हणून रंगाचे साधारण २,१८८. मजुरी पूर्ण. एकूण ४,६८८ मधून सक्तीचे हजार गेले की हाती ३,६८८ येतात.

पुढच्या नूतनीकरणात मात्र बोनस ५० टक्क्यांवर जायच्या ऐवजी शून्यावर येतो. ओन डॅमेजचा आकडा ९,००० च धरला तर त्या एकाच वर्षात जीएसटीसह ५,३१० रुपये जास्त जातात. त्यानंतर बोनस २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढत पन्नासवर पोचतो, तोवर एकूण तोटा १३,२७५ होतो. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. तरी ३,६८८ रुपयांपेक्षा तो कितीतरी मोठाच राहील. बोनस वाचवणारं ॲड-ऑन मिळतं, पण ते ठरावीक क्लेमपुरतंच असतं आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

राहिला बोनसच्या मालकीचा प्रश्न. कंपनी बदलली तर बोनस बुडतो, या भीतीने अनेक जण महागड्या कंपनीला चिकटून राहतात. बोनस कंपनीचा नसतो आणि गाडीचाही नसतो, तो विमाधारकाचा असतो. कंपनी बदलताना जुनी पॉलिसी किंवा नूतनीकरणाची नोटीस दाखवली की तो पुढे चालू राहतो. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले तर तो जातो. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘मागच्या वर्षी क्लेम केला होता का?’ या प्रश्नाला आधीच ‘नाही’ निवडलेलं असू शकतं. क्लेम केलेला असताना ते तसंच सोडलं तर कोटेशन झकास दिसतं, पण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि खोटी माहिती नेमकी क्लेमच्या वेळी अंगाशी येते.

जुनी गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही, कितीही गोड बोलून सांगितलं तरी. तो विकणाऱ्याकडेच राहतो. म्हणून गाडी विकताना कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्यावं. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिच्या ओन डॅमेज प्रीमियमवर तोच बोनस लागू होतो.