गाळा घेण्याआधी पंप रूममध्ये जा : फायरची टाकी आणि जॉकी पंप समजून घेऊ



कमर्शियल बिल्डिंगमध्ये गाळा घेताना आपण रस्त्याची वर्दळ बघतो, पार्किंग बघतो, मेंटेनन्स किती ते विचारतो. फायरचं विचारलं की मालक सांगतो, "एनओसी आहे, खाली लाख लिटरची टाकी आहे, काही काळजी करू नका." आपण मान हलवतो आणि डिपॉझिटच्या बोलणीला लागतो.

आता नीट विचार करा. आपलं सगळं भांडवल, म्हणजे माल, फर्निचर, काउंटर, त्या गाळ्यात असणार. आग लागली तर बंब पोहोचेपर्यंत आपल्या कामाला येणार ते बिल्डिंगचंच पाणी. शिवाय महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे, तशीच जागा वापरणाऱ्यावरही आहे. भाडेकरू म्हणून आपण हात वर करू शकत नाही.

म्हणून आज दोनच गोष्टी समजून घेऊ. टाकीत खरं वापरता येईल असं पाणी किती? आणि जॉकी पंप नावाचा तो छोटा पंप नेमकं काय काम करतो? या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्या की बिल्डिंगची तब्येत कळते.

लाख लिटर म्हणजे किती मिनिटं?

कोणत्या बिल्डिंगला किती मोठी फायर टाकी लागते हे तिची उंची आणि वापर यावरून ठरतं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये त्याचा तक्ता आहे आणि तुमच्या बिल्डिंगचा आकडा तिच्या फायर एनओसीत लिहिलेला असतो. तो कागद मागून घ्या.

पण लिटर ऐकून आपल्याला काही बोध होत नाही. त्या लिटरची मिनिटं करा. एक उदाहरण घेऊ. समजा टाकी आतून ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत पाण्याची उंची ३.३५ मीटर. गुणाकार केला की साधारण १ लाख लिटर येतात. मेन फायर पंप मिनिटाला २२८० लिटरचा आहे. हा पंपांमध्ये नेहमी दिसणारा आकडा आहे. १ लाखाला २२८० ने भागलं की आले जवळपास ४४ मिनिटं.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात टाकीच्या तळाचं सगळं पाणी पंपाला ओढता येत नाही. सक्शन पाइपच्या तोंडावर पाण्याचा थर राहिलाच पाहिजे, नाहीतर भोवरा होतो, पंप हवा ओढतो आणि पाणी फेकणं बंद करतो. आपल्या उदाहरणात खालचे ४५ सेंटिमीटर असे बिनकामाचे धरू. या टाकीत प्रत्येक सेंटिमीटरला ३०० लिटर पाणी बसतं, म्हणजे १३,५०० लिटर गेले. उरले ८७,००० आणि मिनिटं झाली ३८.

आता खरी गोम. बऱ्याच बिल्डिंगमध्ये पाणी कमी पडलं की टॉयलेटसाठी किंवा जिना धुण्यासाठी फायरच्या टाकीतून पाणी उचलतात. समजा असं करून पाणी २ मीटरवर आलं. खालचे ४५ सेंटिमीटर वजा केले की हाताशी राहतात ४६,५०० लिटर. म्हणजे जेमतेम २० मिनिटं. बोर्डवर मात्र 'फायर टँक, १,००,००० लिटर' असंच रंगवलेलं असतं!

हे टाळायची साधी पद्धत आहे. नगरपालिकेचं किंवा टँकरचं पाणी आधी फायरच्या टाकीत पडलं पाहिजे आणि ती भरल्यावर ओव्हरफ्लो होऊन वापराच्या टाकीत गेलं पाहिजे. म्हणजे फायरची टाकी कायम काठोकाठ राहते आणि पाणीही खेळतं राहतं, सडत नाही. पंप रूममध्ये गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा : "पाणी आधी कुठल्या टाकीत पडतं?" उत्तर उलटं आलं, किंवा दोन्ही वापरांसाठी एकच टाकी असून वापराच्या पंपाचा पाइप तळापर्यंत गेलेला दिसला, तर समजा की आणीबाणीचं पाणी रोजच्या वापरात चाललंय.

जॉकी पंप : आग विझवायला नाही, प्रेशर टिकवायला

पंप रूममध्ये दोन मोठे पंप दिसतील, एक विजेवरचा आणि एक डिझेलवरचा. त्यांच्या शेजारी एक छोटा पंप असतो, तो जॉकी. बहुतेक ठिकाणी तो मिनिटाला १८० लिटरचा असतो. आपली लाख लिटरची टाकी त्याने उपसायची म्हटली तर नऊ तासांच्या वर लागतील. म्हणजे त्याचं काम वेगळंच आहे.

फायरच्या पाइपात कायम पाणी भरलेलं आणि दाबाखाली असतं. पण एवढे व्हॉल्व्ह, एवढे जोड, कुठे ना कुठे थोडं पाणी झिरपतंच आणि दाब हळूहळू उतरतो. तो दाब परत वर आणून ठेवायचा, एवढंच जॉकीचं काम.

पंप कधी सुरू व्हायचा हे प्रेशर स्विच ठरवतात. उदाहरणादाखल असं सेटिंग धरा : लाइनमध्ये ७ किलो प्रेशर. ६ वर आलं की जॉकी सुरू, ७ झालं की आपोआप बंद. ५ वर आलं तर विजेचा मेन पंप सुरू. तोही आला नाही आणि प्रेशर ४ वर गेलं तर डिझेल पंप सुरू. बिल्डिंगच्या उंचीप्रमाणे आकडे बदलतील, क्रम हाच राहतो. मेन पंप एकदा सुरू झाला की माणसाने हाताने बंद करायचा असतो, आपोआप बंद होता कामा नये.

आता आग लागली आणि कोणी हायड्रंट उघडला, तर मिनिटाला काहीशे लिटर पाणी जाऊ लागतं. जॉकीला ते पेलवत नाही, प्रेशर कोसळतं आणि मेन पंप उठतो. म्हणजे "हे साधं झिरपणं नाही, खरी मागणी आहे" हे यंत्रणेला कळतं ते जॉकी हरल्यामुळेच. म्हणून "जरा मोठा जॉकी बसवा" हा सल्ला चुकीचा आहे. तो जेवढा मोठा, तेवढा मेन पंप उशिरा उठणार.

आणि जॉकी बंद पडला तर? मग बारीकशा झिरपण्यानेही मेन पंप सुरू होतो. रात्री दोन वाजता पंप धडधडतो, पाणी जायला जागा नाही, पंप आतल्या आत तापतो. वॉचमन वैतागतो आणि पॅनलवरचा स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकतो. आवाज बंद, सगळे खूश. पण त्या रात्रीपासून बिल्डिंगला आपोआप सुरू होणारा फायर पंप उरलेला नसतो आणि ही गोष्ट गाळेवाल्यांपैकी कोणालाच माहीत नसते. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी उपयोग काय? म्हणून पॅनलवर तिन्ही पंपांचे स्विच 'ऑटो'वर आहेत का, हे डोळ्यांनी बघा.

जॉकीचं घड्याळ लावा

जॉकी हा फुकटातला लिकेज मीटर आहे. तो किती वेळाने सुरू होतो आणि किती वेळ चालतो, एवढं मोजायचं. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे.

समजा दर १० मिनिटांनी तो २० सेकंद चालतो. मिनिटाला १८० लिटर, म्हणजे २० सेकंदांत ६० लिटर. दहा मिनिटांत ६० म्हणजे मिनिटाला ६ लिटर गळती. ऐकायला किरकोळ वाटते, पण दिवसाला होतात ८,६४० लिटर. आपल्या टाकीत हे जवळपास २९ सेंटिमीटर पाणी झालं. तीन दिवस पाणी आलं नाही तर टाकीची पाऊण पातळीसुद्धा राहणार नाही. धडधाकट लाइनमध्ये जॉकी अर्धा तास उभं राहिलात तरी सहसा सुरू होताना दिसत नाही.

पाणी जातंय कुठे? त्यासाठी टाकीत येणारं पाणी चार तास बंद करायला सांगा आणि आधी व नंतरची पातळी मोजा. आपल्या गळतीला चार तासांत १,४४० लिटर, म्हणजे पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास पातळी उतरायला हवी.

पातळी तेवढी उतरली, तर पाणी बाहेर चाललंय. जमिनीखालचा पाइप गळतोय, किंवा कोणीतरी फायरच्या लाइनला नळ जोडून दुकान धुतंय. हे दुसरं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतं.

जॉकी तसाच सुरू-बंद होतोय पण पातळी हलत नाही, तर पाणी फिरून टाकीतच येतंय. मेन पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पाणी त्यातून मागे टाकीत उतरतं. टाकीकडे जाणारा टेस्ट लाइनचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल तरी असंच होतं. हे पंप रूममधलंच काम आहे, त्यासाठी फरशी खोदायची गरज नाही.

सहीच्या आधी काय मागायचं

यंत्रणेची देखभाल करणाऱ्या लायसन्स्ड एजन्सीचा माणूस येईल त्या दिवशी तिथे हजर राहा आणि मेन पंप 'ऑटो'वर सुरू करून दाखवायला सांगा. स्वतः व्हॉल्व्हला हात लावू नका. त्याने टेस्ट व्हॉल्व्ह पुरेसा उघडला की गेजचा काटा उतरताना आधी जॉकी आणि मग मेन पंप उठला पाहिजे. नुसता होज रील उघडून दाखवला तर ती टेस्ट धरू नका. तेवढं पाणी जॉकी एकटा पुरवतो, मेन पंपाची परीक्षा होतच नाही.

दुसरं, फॉर्म 'बी' मागा. यंत्रणा चालू स्थितीत आहे असं लायसन्स्ड एजन्सीने दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं हे सर्टिफिकेट आहे. शेवटचा फॉर्म कोणत्या महिन्याचा आहे ते बघा.

यात काही कमी निघालं तर लगेच गाळा सोडायची गरज नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, जॉकीची दुरुस्ती ही आठवड्याभरात होण्यासारखी कामं आहेत. जे सापडलं ते मालकाला आणि सोसायटीला लेखी कळवा आणि काम झाल्यावरच अॅग्रीमेंटवर सही करा. सहीच्या आधी मालक ऐकतो. नंतर तेच काम मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये वर्षभर लोंबकळतं.

टाकीचा हिशोब स्वतः करून बघा : लांबी गुणिले रुंदी गुणिले वापरता येणारी उंची, सगळं मीटरमध्ये, त्याला हजाराने गुणलं की लिटर. त्याला मेन पंपाच्या मिनिटाच्या आकड्याने भागा. आलेला आकडा डायरीत भाड्याच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!